हॅलोचा ताजा कलम

उशिरा दिलेल्या उत्तरामागून पाठवायचा छोटा संदेश हा मराठी गद्याचा बहुधा सर्वांत लहान प्रकार असावा. मात्र त्यापायी वाया जाणारा वेळ, मोडीत निघणारे मसुदे आणि घरात होणारी बोलाचाली यांची मोजदाद केली, तर एखाद्या खंडकाव्यानेही त्याच्यापुढे मान खाली घालावी अशी स्थिती आहे. प्रसंग साधाच असतो. कोणीतरी ‘हॅलो’ म्हटलेले असते. रेंज नसल्यामुळे, म्हणजे खिशातला फोन आणि डोंगरापलीकडचा मनोरा यांचे आपसांतले बोलणे बंद असल्यामुळे, त्या हॅलोला दीड दिवसाने उलट हॅलो गेलेला असतो. आणि आता पुढे काय लिहावे, असा प्रश्न उभा राहिलेला असतो. या टप्प्यावर समंजस माणूस चार शब्द लिहून जेवायला बसेल असे वाटते, परंतु समंजस माणसे या टप्प्यावर सहसा आढळत नाहीत. तेथे आढळतो तो दिलगिरीकार, म्हणजे झालेल्या उशिरापेक्षा अधिक वेळ त्या उशिराची क्षमा मागण्यात घालवणारा गृहस्थ.

हॅलो या शब्दाचा जन्म लक्षात घेतला, तर हा सगळा खटाटोप अधिकच विनोदी ठरतो. दूरध्वनी नुकताच निघाला होता त्या काळात, १८७७ साली, थॉमस एडिसन याने एका पत्रात असे सुचवले की पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी वेगळी घंटा नको, ‘हॅलो’ अशी आरोळी दहावीस फुटांवरूनही ऐकू जाते. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल मात्र ‘अहॉय’ या खलाशी हाळीचा कैवारी होता, आणि त्याचे म्हणणे जगाने ऐकले असते तर आज घरोघरी माणसे बंदरावर उभे राहिल्यासारखी ओरडताना दिसली असती. मुद्दा एवढाच की हॅलो हा मुळात नमस्कार नसून तपासणी आहे. ‘तार जुळली का, पलीकडे कोणी आहे का,’ एवढेच त्यात विचारलेले असते. त्यामुळे त्याचे उत्तर ताबडतोब आले तरच त्याला अर्थ असतो. दीड दिवसाने ‘हॅलो’ असे उत्तर देणे म्हणजे दारावर थाप पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आतून ‘कोण आहे?’ असे विचारण्यासारखे होय. ते चूक नसते, उद्धटही नसते. फक्त त्या वेळी दारात कोणी नसते. म्हणून अशा उत्तरामागून जो संदेश जातो त्याचे काम झालेल्या हॅलोचे श्राद्ध घालणे हे नसून, निघून गेलेल्या माणसाला परत दारापर्यंत येण्याजोगे काहीतरी कारण देणे, हे असते.

मराठी पत्रलेखनाच्या परंपरेत यासाठी एक फार सोयीची जागा पूर्वीपासून राखलेली आहे. ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, येथून सुरू झालेले पत्र ‘कळावे, लोभ असावा’ येथे संपले, खाली सही झाली, आणि मग लिहिणाऱ्याला खरी गोष्ट आठवली की तो ‘ता. क.’ असे लिहून ती खाली टिपत असे, ता. क. म्हणजे ताजा कलम, मागाहून सुचलेला नवा मजकूर. जुनी पत्रे चाळणाऱ्या कोणालाही सांगता येईल की पोस्टकार्डाचा तीन चतुर्थांश भाग क्षेमकुशलाला वाहिलेला असतो आणि ‘म्हैस व्याली’, ‘स्थळ पसंत आहे’, ‘येताना गोडेतेल आणावे’ या राज्यकारभाराच्या गोष्टी ताज्या कलमात, कडेच्या पांढऱ्या पट्टीत, आडव्या अक्षरांत कोंबलेल्या असतात. ताज्या कलमात कोणी कधी क्षमा मागितली नाही, कारण तेथे जागाच नसे. तारेचेही तसेच होते: शब्दागणिक पैसे पडत असल्यामुळे भारतात २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद होईपर्यंत एकाही काटकसरी मराठी माणसाने तारेतून दिलगिरी पाठवली नसावी. दिलगिरीला खरा बहर आला तो मजकूर फुकट झाल्यापासून.

आता रेंजचे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण उशिराचा सगळा दोष माणूस स्वतःकडे घेतो आणि त्यात भूगोलाचा वाटा विसरतो. कोकणातील वाडी बहुधा दोन डोंगरांच्या मध्ये, वहाळाच्या काठी वसलेली असते. घर जांभ्याच्या जाड चिऱ्यांचे असते. मनोरा वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, असतो. आणि भाद्रपदात दोहोंच्या मध्ये भिजून जड झालेली झाडी असते. मनोरा कित्येक वॅट ताकदीने बोलतो, तर फोनची ताकद साधारण एक पंचमांश वॅट असते. मनोऱ्याचे कान तिखट असल्यामुळे एरवी निभावते, परंतु रेंजच्या कडेला आधी तुटतो तो बहुधा फोनचा आवाज. देवळातला भोंगा वाडीत ऐकू यावा, पण वाडीतून घातलेली हाक देवळापर्यंत पोचू नये, तशी ही गत. म्हणून फोनवर रेंजच्या दोन दांड्या दिसत असूनही उत्तर जात नाही, आणि घरातील वडील मंडळी ‘दांड्या आहेत की!’ असे म्हणत फोनलाच दटावतात.

संदेशाचे काय झाले हे कळण्यासाठी व्हॉट्सॲपमध्ये चार खुणा असतात आणि दिलगिरीकाराला त्या चारही चुकीच्या वाचता येतात. छोटे घड्याळ दिसले तर संदेश अद्याप आपल्याच फोनमध्ये आहे. एक टिक म्हणजे तो कंपनीच्या संगणकापर्यंत गेला आहे, पण पलीकडच्या फोनपर्यंत नाही. दोन टिका म्हणजे पलीकडे उतरला आहे. आणि त्या दोन निळ्या झाल्या म्हणजे वाचला गेला आहे. ही निळाई २०१४ च्या नोव्हेंबरात आली आणि त्या दिवसापासून ‘पत्र मिळाले नाही’ ही मराठी समाजातील सर्वांत विश्वासू थाप निवृत्त झाली. दुबळ्या रेंजमध्ये तर ही निळाई फारच घात करते. दहा सेकंद रेंज येते, तेवढ्यात हॅलो पडतो, माणूस उघडतो, वाचल्याची निळी पावती परत जाते, आणि तो ‘ह’ शोधेपर्यंत रेंज निघून जाते. पाठवणाऱ्याला दिसते ते एवढेच, की वाचले आहे आणि उत्तर दिलेले नाही.

आता या विवेचनाच्या पुष्ट्यर्थ एक प्रकरण तपशिलाने पाहता येईल. राजापूर तालुक्यातील एका वाडीत एक गृहस्थ गणपतीसाठी उतरले होते. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असून, त्यांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी वैशाखात झालेले होते. चतुर्थी शुक्रवारी होती. त्याआधीच्या रविवारी रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी विहीणबाईंचा, म्हणजे मुलीच्या सासूबाईंचा, ‘हॅलो’ आला. निळ्या टिका तत्काळ गेल्या, रेंजही तत्काळ गेली, आणि गृहस्थांचा उलट ‘हॅलो’ मंगळवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी, दुधाची बरणी घेऊन ते पाणंदीच्या वळणावर आले असता, खिशातल्या खिशात सुटला. साडेचौतीस तास. त्या उत्तरापुढे दोन निळ्या टिका उमटल्या आणि नंतर शांतता पसरली. मुलीकडच्याने सासरच्या मानकऱ्यांना साडेचौतीस तास तिष्ठत ठेवले, ही कल्पना मनात शिरताच गृहस्थांना न्याहारीचे घावन गोड लागेनात.

‘अहो, फोनच लावा ना सरळ,’ असे त्यांच्या सौभाग्यवतींनी सुचवले, कारण साधा फोन लागण्यापुरती रेंज पडवीच्या कोपऱ्यात कधीमधी येत असे. ‘आधी लेखी, मग तोंडी,’ असे गृहस्थांनी उत्तर दिले आणि चष्मा पुसला. छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत त्यांनी एकही काम तोंडी सुरू केलेले नव्हते.

पहिला मसुदा तासाभराने तयार झाला. तो असा होता: ‘मा. विहीणबाई यांस सादर प्रणाम. आपला रविवारचा हॅलो येथे प्राप्त झाला असून, नेटवर्कच्या अनुपलब्धतेमुळे त्यास उत्तर देण्यास झालेल्या अक्षम्य विलंबाबद्दल निम्नस्वाक्षरीकार मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करीत आहे.’ निम्नस्वाक्षरीकार म्हणजे खाली सही करणारा. व्हॉट्सॲपवर खाली सही नसते ही बाब भाच्याने निदर्शनास आणली, पण ती फेटाळण्यात आली. या मसुद्याचा खरा दोष वेगळाच आहे. त्याला उत्तर काय द्यायचे? ‘काही हरकत नाही’ यापलीकडे त्यात विहीणबाईंना बोलायला जागाच ठेवलेली नाही. लांबलचक क्षमायाचनेचा हाच चमत्कार असतो, की जिचा खोळंबा झाला तिलाच ती सांत्वनाच्या कामाला जुंपते. शिवाय ‘अक्षम्य’ हा शब्द वाचून, आतापर्यंत ज्या बाईच्या मनात काही आले नव्हते, तिलाही ‘खरेच, एवढा उशीर का बरे झाला असेल?’ असा विचार सुचतो.

दुसऱ्या मसुद्यात गृहस्थांनी पुराव्यांची जोड दिली. त्यात मनोऱ्याचे अंतर, शनिवारपासून गेलेली वीज, वीज नसल्यामुळे मनोऱ्याच्या बॅटऱ्या उतरल्या असाव्यात हा तर्क आणि पावसाचे मान, एवढे आले. पंचनामा जोडण्याचे तेवढे राहिले. कारण जितके लांब तितके ते खोटे वाटते, हा मनुष्यस्वभाव चौकशी अधिकाऱ्यांना ठाऊक असतो, पण तेच अधिकारी स्वतःचे कारण लिहायला बसले की विसरतात. तिसरा मसुदा ‘माफ करा’ या शब्दांनी सुरू झाला होता आणि त्याला सौभाग्यवतींनी हरकत घेतली. फोन कुलूपबंद असला तरी पडद्यावर संदेशाची पहिली ओळ दिसते, आणि विहीणबाईंना सणाच्या तोंडावर ‘माफ करा, आम्ही’ एवढेच दिसले, तर मुलीकडचे गौरीला येत नाहीत असा तर्क बांधून पलीकडे काय काय होऊ शकेल, याचे त्यांनी चुलीपाशी बसून सविस्तर वर्णन केले.

‘मामा, “सॉरी, लेट झालं” एवढंच टाका,’ असे भाचा म्हणाला. ‘हे काय एसटी चुकली म्हणून सांगायचंय का?’ असे मामांनी विचारले. भाच्याची सूचना लांबीने योग्य असली तरी तिच्यातही विहीणबाईंना उत्तर देण्याजोगे काही नव्हते. एका निरर्थक हॅलोमागे दुसरा निरर्थक सॉरी, म्हणजे रिकाम्या डब्याला रिकामा डबा जोडून गाडी लांब करणे झाले असते.

चौथ्या मसुद्यात एक निराळाच घोटाळा होता, आणि रेंज नसलेल्या मुलखात लिहिणाऱ्याने त्याची विशेष काळजी घ्यावी. ‘आज संध्याकाळी फोन करतो,’ असे गृहस्थांनी लिहिले. हा ‘आज’ कोणाचा? घड्याळाच्या खुणेत अडकलेला संदेश दुसऱ्या दिवशी सुटला तर ‘आज’ या शब्दाचा उद्या होतो, ‘उद्या’चा परवा होतो, आणि ‘आत्ताच निघतोय’ असे लिहून घरात झोपलेला माणूस पकडला जातो. ‘सुप्रभात’ तर रात्री अकरा वाजता पोचून कुत्र्यांनाही जागे करते. म्हणून अशा ठिकाणाहून वाराचे नाव लिहावे. ‘बुधवारी’ हा शब्द शुक्रवारी वाचला तरी बुधवारच राहतो. गृहस्थांना हे लगेच पटले, कारण तारखेशिवाय टिपणी नाही हे तत्त्व त्यांच्या हाडांत मुरलेले होते. मग ही बाब चौथ्या मसुद्यापर्यंत त्यांच्या लक्षात का आली नाही, असे विचारल्यावर त्यांनी पावसाकडे पाहिले.

पाचव्या वेळी ते लिहिण्याला कंटाळले आणि त्यांनी बोलून टाकले, म्हणजे तीन मिनिटांचा ध्वनिसंदेश भरला. लिखित संदेश वजनाने अगदी हलका असतो, रेंजच्या एका झुळकीसरशी निघून जातो; तीन मिनिटांचे बोलणे मात्र त्याच्या शेकडो पट जड असते आणि जी रेंज ‘हॅलो’ उचलायला दीड दिवस घेते तिच्या डोक्यावर ही गोणी चढवणे माणुसकीला धरून नाही. त्यातही या ध्वनिसंदेशाच्या मध्यभागी ‘अहो, मांजर! दूध! दूध!’ असा सौभाग्यवतींचा स्वर आणि त्यामागून भांडे पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. सहावा संदेश पाचव्याबद्दल क्षमा मागणारा होता.

येथे वाचकाच्या मनात अशी शंका येईल की हे सहा मसुदे कागदावर होते की काय. ते कागदावर नव्हते. गृहस्थांनी प्रत्येक मसुदा लिहून झाल्यावर पाठवण्याचा बाण दाबला होता, पुढे घड्याळ दिसले म्हणून ‘गेला नाही’ असे ठरवले होते, आणि न गेलेला मसुदा रद्द समजून नवा लिहायला घेतला होता. परंतु घड्याळ म्हणजे नकार नव्हे, प्रतीक्षा. फोन असा प्रत्येक संदेश रांगेत धरून ठेवतो आणि रेंज आली की आवकजावक बारनिशीतील नोंदींप्रमाणे ओळीने रवाना करतो. दुपारी चार वाजता पाऊस उघडला, गृहस्थ गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधावर, फोन उंच धरून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पाच लेखी दिलगिऱ्या व एक मांजर एकापाठोपाठ एक सुटून गेली.

‘हटवा, मामा, हटवा!’ असे भाचा ओरडला. संदेश पाठवल्यावर सुमारे दोन दिवस तो दोन्हीकडून हटवता येतो, पण हटवल्याची खूण मागे उरते. विहीणबाईंना सहा संदेशांऐवजी सहा समाधीचे दगड दिसले असते, आणि त्यांखाली काय पुरले आहे याचा शोध व्याह्यांच्या घरी पुढच्या गौरीपर्यंत चालला असता. पंधरा मिनिटांच्या आत मजकूर दुरुस्तही करता येतो. पण तेवढ्यात रेंज गेली होती. सहाही संदेशांपुढे एकेक टिक होती आणि ती एकच राहिली.

त्या एका टिकेकडे गृहस्थ संध्याकाळपर्यंत पाहत होते. ‘बघितलंत? उघडतसुद्धा नाहीत. नाराजी आहे,’ असा निष्कर्ष त्यांनी काढला. वस्तुतः एक टिक म्हणजे पलीकडच्या फोनला संदेश मिळालेलाच नाही, अर्थात पलीकडचा फोन बंद आहे किंवा त्यालाच इंटरनेट नाही, एवढे सरळ उत्तर त्यांच्या हातात होते. पण जगातल्या सर्व रेंज आपल्याच वाडीवर रुसल्या आहेत आणि बाकी सारे जग रात्रंदिवस फोन हातात धरून आपल्या हॅलोची वाट पाहत बसले आहे, ही दिलगिरीकाराची मूळ श्रद्धा असते. ती गेली तर दिलगिरीचा अर्धा आनंद जातो.

शेवटी सूत्रे सौभाग्यवतींनी हाती घेतली. साधा एसएमएस पाठवावा, असे त्यांनी ठरवले. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. फोन आणि मनोरा यांच्यात जे किरकोळ हालहवाल विचारणे चालू असते त्याच्याच सोबतीने तो जातो, म्हणून जेथे व्हॉट्सॲप हात टेकते तेथेही तो कधी कधी पोचतो. मात्र त्याची एक अट आहे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त व मधली मोकळी जागा, ही प्रत्येक बाब स्वतंत्र मोजली जाते. सत्तरच्या पुढे गेले की मजकुराचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा संदेश म्हणून मोजला जातो. एका पिढीने मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली, तिच्यामागे या हिशेबाचाही हात असला पाहिजे.

या मापाने पाहिले असता दिलगिरीचे सगळे शब्द अंगाने जड निघतात, हा शोध त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात लागला. ‘क्षमस्व’ दिसायला तीन अक्षरी, पण मोजायला सात. ‘दिलगिरी’ सात. ‘विलंबाबद्दल’ अकरा. ‘निम्नस्वाक्षरीकार’ सतरा, म्हणजे संदेशाचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तोही फक्त पाठवणारा कोण हे सांगण्यासाठी, जे फोनवर नावानिशी आपोआप दिसतेच. गृहस्थांचा पहिला मसुदा भाच्याने बोटांवर मोजला तेव्हा तो २०२ भरला. तीन तुकड्यांत २०१ मावतात. म्हणजे शेवटचा पूर्णविराम चौथ्या तुकड्यात बसून एकटाच विहीणबाईंकडे गेला असता.

‘त्यांना काय हवंय?’ असे सौभाग्यवतींनी विचारले. ‘सन्मान,’ असे गृहस्थ म्हणाले. ‘तो सोडून.’ तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. मुलीचा हा पहिला ओवसा होता. ओवसा म्हणजे लग्नानंतर नव्या सुनेने गौरीपुढे सुपे ओवाळण्याचा विधी. सुपे माहेराहून न्यायची होती, आणि सुपे किती हा आकडा गावागणिक, घरागणिक बदलत असल्यामुळे तो सासरच्यांना विचारणे भागच होते. चतुर्थी तीन दिवसांवर आली तरी तो विचारलेला नव्हता, कारण सगळा दिवस क्षमा मागण्यात गेला होता. ज्याला एका आकड्यात उत्तर देता येते असा प्रश्न घरात पडून होता आणि गृहस्थ बाहेर शब्द शोधत होते.

मग मजकूर पाच मिनिटांत झाला. ‘घरात रेंज नसते. ओवशाला सुपे किती आणू? बुधवारी सातनंतर फोन करतो.’ कारण तीन शब्दांत, तेही वर्तमानकाळात, म्हणजे पुन्हा उशीर झाला तर तेच कारण पुढेही चालावे. ‘नव्हती’ असे लिहिले असते तर आता आहे असा अर्थ निघाला असता आणि पुढच्या उशिराला नवे कारण शोधावे लागले असते. मग प्रश्न, ज्याचे उत्तर पळत्या रेंजमध्येही देता यावे. मग वार आणि वेळ, ज्यामुळे पलीकडच्या माणसाला वाट पाहत बसावे लागू नये. मोजणी ६३ भरली. ‘पण नमस्कार?’ असे गृहस्थ व्याकुळ होऊन म्हणाले, आणि येथे पूर्वजांची काटकसर कामी आली. ‘सा.न.’ आणि पुढची मोकळी जागा मिळून सहा होतात.

‘सा.न. घरात रेंज नसते. ओवशाला सुपे किती आणू? बुधवारी सातनंतर फोन करतो.’ एकूण ६९. एक जागा उरली. त्या एका जागेत क्षमस्व बसवता येईल काय, याचा गृहस्थांनी झोपेपर्यंत विचार केला.

एसएमएस पडवीच्या कोपऱ्यातून रात्री ९ वाजता गेला आणि सव्वानऊला उत्तर आले: ‘१०’. बाकी काही नाही. ‘रागावल्या आहेत,’ असे गृहस्थ म्हणाले. ‘दहा आणायची आहेत,’ असे सौभाग्यवती म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दहा सुपे आली. बुधवारी सातनंतर फोन काही लागला नाही, पण आकडा हाती असल्यामुळे त्यावाचून कोणाचे अडलेही नाही.

गौरीपूजनाच्या दिवशी संगमेश्वर तालुक्यातल्या व्याह्यांच्या घरी दहा सुपे पोचली. पाणी घेता घेता गृहस्थांनी धीर एकवटून रविवारच्या हॅलोचा विषय काढलाच. ‘कुठला हॅलो?’ असे विहीणबाईंनी विचारले, आणि मग त्यांना आठवले. ‘अहो, तो होय! आम्ही त्या दिवशी गावात उतरलो ना, इथे रेंज येते का ते बघायला टाकला होता. नंतर एकदा मंगळवारी सकाळी सड्यावर गेले होते कुळदेवतेला, तेवढीच रेंज. इथे खाली कसली येतेय!’ गृहस्थांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला आणि सहा संदेशांविषयी काही न बोलता दुसरा लाडू घेतला. न पोचलेला संदेश व्हॉट्सॲपच्या संगणकावर तीस दिवस राहतो, हे भाच्याने त्यांना परतीच्या एसटीत सांगितले.

अनंत चतुर्दशीनंतर विहीणबाई पुण्यास परतल्या. वाटेत कुठेतरी त्यांच्या फोनला भरघोस रेंज मिळाली असावी, कारण वाडीत अजून मुक्कामी असलेल्या गृहस्थांना गडग्यावर उभे असताना सहाही संदेशांपुढे निळ्या टिका एकदम दिसल्या. अर्ध्या तासाने विहीणबाईंचे उत्तर निघाले. इतके सविस्तर लिहिलेले आपण इतक्या उशिरा वाचले याबद्दल त्यांना फार वाईट वाटले असावे, आणि ते लिहून नीट सांगता येणार नाही असेही वाटले असावे, कारण तो चार मिनिटांचा ध्वनिसंदेश होता. गृहस्थांच्या फोनवर तो सोमवारी दुपारपासून उतरतो आहे. गोल फिरते, थांबते, पाऊस आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि त्याला काय उत्तर द्यावे याचा पहिला मसुदा पडवीत तयार होऊन पडला आहे.